भाड्याचा चेक परत आला : भाडेकरूला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा कृपया तपासून द्यावा

राजारामपुरी_गल्ली
नमस्कार. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घराचा वरचा मजला गेली दोन वर्षे एका कुटुंबाला भाड्याने दिलेला आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत असून तो आईच्या नावाने आहे आणि भाडे महिना १४,००० रुपये आहे. भाडेकरू गृहस्थांचे गांधीनगरात कापडाचे छोटे दुकान आहे. माणसे सालस आहेत, आईच्या आजारपणात त्यांनी रात्री-अपरात्री मदत केलेली आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना मला जड जात आहे.

मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांचे भाडे थकले होते. त्यापोटी त्यांनी १ जून तारखेचा ४२,००० रुपयांचा चेक आईच्या नावाने दिला. तो ३ जूनला आईच्या खात्यावर भरला आणि ५ जूनला परत आला. शाखेत जाऊन रिटर्न मेमो हातात घेतला तो ८ जूनला, आणि त्यावर पुरेशी शिल्लक नसल्याचे कारण दिलेले आहे. त्यानंतर १५ जूनला त्यांनी आईच्या खात्यावर मोबाइलवरून १०,००० रुपये पाठवले आणि शेऱ्यात ‘जून भाडे’ असे लिहिले. आज २४ जून आहे आणि चेकच्या पैशांबद्दल ते फक्त ‘बघतो’ एवढेच म्हणतात.

मी पुढीलप्रमाणे मसुदा केला आहे: ‘आपण दिलेला चेक न वटता परत आला आहे. थकीत भाडे, लाइट बिल आणि बँकेचा आकार मिळून ४९,८१७ रुपये सात दिवसांच्या आत खालील बँक खात्यावर जमा करावेत, अन्यथा जागा रिकामी करावी.’ आई आता बँकेत जात नाही, म्हणून खाली माझा खाते क्रमांक दिला आहे आणि सहीही मीच करणार आहे. यात काही चुकते आहे का?

पंचगंगा_घाट
माझ्या मते एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. व्हॉट्सअॅपवर मेमोचा फोटो आणि चार ओळी पाठवल्या की लेखी नोटीस दिल्यासारखेच होते. मात्र एक गोष्ट आधी विचारून घ्या. त्यांचे खाते कुठल्या बँकेत आहे? माझ्या मेहुण्याच्या बाबतीत चेक बाहेरगावच्या शाखेवरचा निघाला आणि त्या गावच्या कोर्टात जावे लागेल म्हणून त्याने प्रकरण सोडून दिले.

राजारामपुरी_गल्ली
चेक निपाणीच्या शाखेवरचा आहे, त्यांचे मूळ गाव तिकडेच आहे. म्हणजे आम्हाला कर्नाटकात जावे लागेल का? आईचे खाते राजारामपुरीतील शाखेत आहे.

जुनी_पेठ
मी मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्याचा अनुभव सांगतो. आमचा भाडेकरू माझ्या वडिलांच्या काळापासूनचा आहे आणि त्याचे भाडे थकले तेव्हा वकिलांनी सांगितले की भाड्याच्या मागणीची नोटीस द्या, नव्वद दिवस थांबा आणि मगच दावा लावा. त्यामुळे तुम्ही सात दिवस लिहिले आहेत ते सर्वस्वी चूक आहे, तिथे नव्वद दिवस लिहा.

अॅड_कसबा_बावडा
तिघांचेही वाचले. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे खरे आहे, पण विषय एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून सावकाश लिहिते.

जुनी पेठ काका, आपण सांगता ते नव्वद दिवस महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ मधील आहेत. थकबाकीच्या कारणावरून भाडेकरूकडून ताबा मागायचा असेल तर ती वाट. येथे प्रश्न ताब्याचा नाही, न वटलेल्या चेकच्या रकमेचा आहे, आणि त्यासाठी पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागते. त्याचे दिवस निराळे आहेत. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणी करावी लागते, आणि नोटीस हातात पडल्यापासून पंधरा दिवस चेक देणाऱ्याला मिळतात. ते पंधरा दिवस त्याला कायद्याने दिलेले आहेत, आपण सात लिहून ते कमी करू शकत नाही.

निपाणीला जावे लागणार नाही. ज्या शाखेवर चेक काढला आहे तेथील कोर्टात जावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता आणि पंचगंगा घाट यांच्या मेहुण्यांची अडचण बहुधा त्यातूनच आली असावी. पुढे २०१५ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली. चेक ज्याला दिला त्याने तो आपल्या खात्यावर भरला असेल, तर त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात तक्रार चालते. आईंचे खाते राजारामपुरीत आहे, म्हणून वेळ आलीच तर काम आपल्या कसबा बावड्याच्या न्यायालयात चालेल.

आता मसुद्याकडे वळते. त्यातील सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे ४९,८१७ हा आकडा. कलमात ‘सदर रकमेची’ मागणी करा असे म्हटले आहे आणि सदर रक्कम म्हणजे चेकची रक्कम. आपण चेकचे ४२,०००, लाइट बिल, बँकेचा आकार आणि जूनचे उरलेले भाडे यांची मोळी बांधून एकच आकडा मागितला, तर ती नोटीस चेकच्या रकमेची मागणी करते असे म्हणणे अवघड होते. सुमन सेठी प्रकरणात २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतर रकमाही मागितल्या म्हणून नोटीस बिघडत नाही, मात्र चेकची रक्कम त्यात स्वतंत्रपणे दाखवलेली असली पाहिजे. अलीकडे, २०२५मध्ये, कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत मागणी दोन कोटींची झाली. टायपिंगची चूक झाली हे म्हणणे न्यायालयाने ऐकले नाही आणि तक्रार रद्द झाली. एवढ्या मोठ्या रकमेचे प्रकरण एका आकड्याने जाते, तेव्हा आपण तरी जपून लिहावे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरे म्हणजे ‘अन्यथा जागा रिकामी करावी’ हे वाक्य काढून टाका. जागेबाबत काही कळवायचे असेल तर ते करारातील अटींप्रमाणे वेगळ्या पत्राने कळवा.

तिसरे, चेक आईंच्या नावाचा आहे, तेव्हा मागणीही आईंचीच हवी. नोटीस तुम्ही लिहा, पण ती त्यांच्या नावाने आणि त्यांच्या सहीने जाऊ द्या. वकिलामार्फत पाठवली तरी चालते, पण वकीलच हवा अशी अट कायद्यात नाही.

निवृत्त_कॅशियर
वकील मॅडमनी सहीचे सांगितले, तेच खात्यालाही लागू आहे, आणि नोटिशीतील बँक खात्याच्या ओळीकडे कोणी फारसे पाहत नाही म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो. मी अठ्ठावीस वर्षे काउंटरवर काढली आहेत.

करारातील घरमालक आई, चेक आईंच्या नावाचा, आजवरचे भाडे आईंच्या खात्यावर, आणि नोटिशीत अचानक मुलाचा खाते क्रमांक आला, तर भाडेकरूने थांबून विचारणे अगदी स्वाभाविक आहे. हल्ली खाते बदलल्याचे खोटे निरोप पाठवून लोकांना फसवले जाते, त्यामुळे शहाणा माणूस अशा वेळी पैसे पाठवतच नाही. पुढे तो असेही म्हणू शकेल की, मला योग्य खाते दिलेच नव्हते. म्हणून करारात आहे तेच खाते द्या, आणि नोटिशीत ‘ज्या खात्यावर आपण १५ जून रोजी रक्कम पाठवली तेच हे खाते’ असे एक वाक्य घाला. त्याच्या मनात शंका उरणार नाही.

खाते क्रमांक मोबाइलमधल्या जुन्या निरोपावरून उतरवू नका, पासबुक समोर ठेवून लिहा आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या कुणाला तरी एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावा. एनईएफटीमध्ये पैसे जमा होतात ते खाते क्रमांकाच्या आधाराने. नाव बरोबर आणि क्रमांक चुकलेला अशा रकमा दुसऱ्याच खात्यात गेल्याची प्रकरणे मी निस्तरलेली आहेत. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला की भाडेकरूची बँक तो कोड स्वीकारणार नाही, आणि आपण विनाकारण त्याला सबब देऊन बसू.

रक्कम दोन लाखांच्या आत असल्यामुळे आरटीजीएस येथे लागू नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते, तेव्हा ‘बँक बंद होती’ हे कारण उरत नाही. पैसे पाठवल्यावर यूटीआर क्रमांक कळवावा अशी विनंती नोटिशीत जरूर करा.

उमा_शाहूपुरी
मी भाडेकरूच्या बाजूने थोडे बोलते. तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांचा पगार लांबला आणि आमचा भाड्याचा चेक परत गेला. मालकांची नोटीस आली तेव्हा तिच्यात ‘फसवणूक’, ‘बदनामी’, ‘पोलीस’ असे शब्द होते. आम्ही दोन रात्री झोपलो नाही, आणि एवढे असूनही पैसे नक्की किती आणि कुठे भरायचे हे त्या कागदावरून कळतच नव्हते. ते विचारायला फोन केला तर मालकांनी उचलला नाही. शेवटी मीच पासबुकातून त्यांचा क्रमांक शोधून काढला. आपण लिहिताना रक्कम, तारीख आणि खाते या तीन गोष्टी समोरच्या माणसाला पहिल्या वाचनात दिसतील असे लिहा. आणि त्यांनी रोख पैसे आणून दिले तर नाही म्हणू नका.

अॅड_कसबा_बावडा
उमाताईंचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बँकेतून पैसे पाठवावेत ही आपली मागणी रास्त आहे, कारण तारीख आणि रक्कम दोन्हींची नोंद राहते. पण कायदा फक्त ‘रक्कम दिली नाही’ एवढेच पाहतो. पंधरा दिवसांत माणूस ४२,००० रुपये घेऊन दारात आला आणि आपण ‘ट्रान्सफरच करा’ म्हणून परत पाठवला, तर उद्या तो खरेपणाने सांगेल की मी पैसे द्यायला गेलो होतो. रोख घ्या, लगेच पावती द्या, पावतीवर चेकचा क्रमांक लिहा.

नवा चेक मात्र घेऊ नये, असे मी सांगेन. घ्यायचाच झाला तर जुन्या चेकची मागणी कायम ठेवून, असे लिहून घ्या. नवा चेक वटेपर्यंत किंवा परत येईपर्यंत जुन्याचे दिवस निघून जातात, आणि मग पहिला व्यवहार त्यातच मिटला असा वाद निघतो.

आणि पंचगंगा घाट, व्हॉट्सअॅपवरची नोटीस काही उच्च न्यायालयांनी चालवून घेतलेली आहे हे खरे, पण आपल्यासमोर सरळ रस्ता असताना तो वाद अंगावर का घ्यावा? व्हॉट्सअॅपवर प्रत जरूर पाठवा, मूळ नोटीस टपालाने पाठवा. १ ऑक्टोबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालेली आहे, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्टर एडी’ न म्हणता नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोहोच पावती मागा. एक पाकीट वरच्या मजल्याच्या पत्त्यावर आणि एक करारातल्या निपाणीच्या पत्त्यावर पाठवा. योग्य पत्त्यावर पाठवलेले पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घराला कुलूप’ अशा शेऱ्याने परत आले तरी नोटीस पोहोचली असे गृहीत धरता येते. मात्र परत आलेले पाकीट फोडू नका, तसेच जपून ठेवा.

दिवसांचा हिशेब असा. मेमो ८ जूनला मिळाला, तो दिवस सोडून तीस दिवस ८ जुलैला संपतात. बँकेने ५ जूनला मोबाइलवर संदेश पाठवला असेल तर माहिती त्याच दिवशी मिळाली असा मुद्दा समोरून येऊ शकतो, म्हणून मी ५ जुलै हीच शेवटची तारीख धरीन, आणि खरे तर उद्याच टपालात टाकीन.

जुनी_पेठ
मॅडम, नव्वद दिवसांचा खुलासा समजला, मी दोन गोष्टी एकच समजत होतो. पण एक शंका आहे. त्यांनी १०,००० दिलेलेच आहेत. मग मागणी ४२,०००ची करायची की ३२,०००ची? समजा कोर्टात ते म्हणाले की ते दहा हजार चेकमधलेच होते, तर?

अॅड_कसबा_बावडा
हाच या प्रकरणातला नाजूक भाग आहे. करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे देणेकरी पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे सांगतो, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्याकडे वळवावे लागतात. येथे त्यांनीच ‘जून भाडे’ असे लिहिले आहे, आणि जूनचे भाडे करारानुसार ५ जूनला देय होतेच. चेक मार्च ते मेचा. म्हणून माझ्या मते चेकची पूर्ण रक्कम येणे आहे आणि मागणी ४२,०००ची असावी. पण दहा हजारांचा उल्लेख लपवू नका, तो नोटिशीत स्पष्ट करा.

निवृत्त_कॅशियर
मॅडम, मी आदराने थोडा वेगळा विचार मांडतो. मोबाइलवरून पैसे पाठवताना माणूस शेऱ्यात काहीही लिहितो, पुष्कळदा आधीचाच शब्द तसाच राहतो. न्यायाधीशांनी त्या दोन शब्दांना तेवढे वजन दिले नाही तर मागणी जास्त रकमेची ठरेल. गृहस्थांना आधी साधा संदेश पाठवून ‘ते १०,००० जूनच्या भाड्यापोटी जमा धरले आहेत’ असे कळवावे आणि त्यांचे उत्तर घ्यावे.

अॅड_कसबा_बावडा
संदेश पाठवण्याची सूचना चांगली आहे, तो आजच पाठवावा. उत्तर ‘हो’ आले तर प्रश्न मिटला. उत्तर आले नाही तर मी ४२,०००वरच राहीन, पण माझ्याच बार रूममध्ये ३२,०००ची मागणी करा म्हणणारे ज्येष्ठ आहेत, हे मी मान्य करते.

राजारामपुरी_गल्ली
सर्वांचा मनापासून आभारी आहे. संदेश पाठवला. त्यांचे ‘हो, ते जूनचे’ असे उत्तर आले, त्याची प्रत छापून ठेवली आहे. नवा मसुदा आईने स्वतः दोनदा वाचला आणि सही केली. तो असा:

‘आपण माझ्या राजारामपुरी येथील घराचा वरचा मजला नोंदणीकृत करारान्वये वापरत आहात. मार्च, एप्रिल व मे या तीन महिन्यांच्या भाड्यापोटी आपण मला दिनांक १ जून रोजीचा, रुपये ४२,००० रकमेचा चेक दिला. सदर चेक मी माझ्या खात्यावर भरला असता तो खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याच्या कारणाने न वटता परत आला व तसा मेमो मला दिनांक ८ जून रोजी मिळाला. सदर चेकची रक्कम रुपये ४२,००० (अक्षरी रुपये बेचाळीस हजार फक्त) ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत आपण मला द्यावी. ही रक्कम शक्यतो बँकेद्वारे माझ्या खालील खात्यावर पाठवावी व यूटीआर क्रमांक कळवावा. ज्या खात्यावर आपण दिनांक १५ जून रोजी रुपये १०,००० पाठवले तेच हे खाते आहे. ते रुपये १०,००० आपण कळवल्याप्रमाणे जून महिन्याच्या भाड्यापोटी जमा धरले असून त्यांचा वरील चेकशी संबंध नाही. मुदतीत रक्कम न मिळाल्यास पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये कार्यवाही करणे मला भाग पडेल.

‘याखेरीज जून भाड्याची बाकी रुपये ४,०००, लाइट बिल रुपये ३,६४० व चेक परतीचा बँक आकार रुपये १७७ येणे आहेत. त्यांचा हिशेब वरील मागणीपासून वेगळा आहे व त्या रकमा आपण स्वतंत्रपणे द्याव्यात.’

आता ठीक आहे का?

अॅड_कसबा_बावडा
चेकचा क्रमांक, बँकेचे नाव आणि शाखा घाला, ते राहिले आहे. बाकी मला काही बदलावेसे वाटत नाही. नोटिशीच्या सही केलेल्या दोन प्रती करा, एक आपल्याकडे ठेवा.

राजारामपुरी_गल्ली
१० जुलै. पुढची हकिकत कळवतो. पाकिटे २५ जूनला रमणमळ्यातील मुख्य टपाल कार्यालयातून पाठवली. वरच्या मजल्याचे पाकीट २९ जूनला पोहोचले. पोस्टमन जिन्याशी आला तेव्हा मी अंगणातच होतो. भाडेकरूंनी सही करून पाकीट घेतले, तिथेच जिन्यावर उभे राहून शेवटपर्यंत वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. निपाणीचे पाकीट ‘घराला कुलूप’ म्हणून परत आले. ते फोडलेले नाही.

काल आईच्या खात्यावर २५,००० रुपये एनईएफटीने जमा झाले आणि त्यांनी यूटीआर क्रमांकही कळवला. उरलेले १७,००० दुकानाची उधारी वसूल झाली की देतो, वीस तारीख उजाडेल, असे म्हणाले. माणूस खोटे बोलत नाही असे मला मनापासून वाटते. पण मुदत चुकवून थांबलो तर आमचा हक्क जातो का?

अॅड_कसबा_बावडा
२९ जून सोडून पंधरा दिवस १४ जुलैला संपतात. १५ जुलैला तक्रारीचे कारण उत्पन्न होते आणि तेथून एक महिना, म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत, तक्रार दाखल करता येते. तो सुटीचा दिवस आहे, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. म्हणजे वीस जुलैपर्यंत वाट पाहिल्याने काही बिघडत नाही, फक्त ‘२५,००० रुपये चेकपोटी मिळाले, १७,००० येणे बाकी आहेत, आणि ही सवलत देताना नोटिशीतील हक्क सोडलेला नाही’ असे आईंच्या सहीचे पत्र आजच द्या आणि पोच घ्या. नवी नोटीस देण्याची गरज नाही.

उमा_शाहूपुरी
२५,०००ची पावतीही द्या. त्या माणसाने दहा दिवसांत एवढे जमवले आहेत, त्याच्या हातात कागद असू द्या.

राजारामपुरी_गल्ली
पावती आणि पत्र दोन्ही आईने आत्ताच सही करून दिली आहेत. संध्याकाळी ते दुकानातून आले की मी वर नेऊन देतो.